शोकाकुल कंपनी आणि तिचा लोगो

(व्याख्यानाचं शब्दांकन, थोडं संपादित करून)

मंडळी, हॉल आठला सोडायचाय आणि सव्वासात इथेच झालेत, त्यामुळे पटकन सांगतो असं म्हणतो आणि पटकन सांगणार नाही हे ज्यांनी मला आधी ऐकलंय त्यांना माहितीच आहे. विषय असा की सहकारी गेला तर कंपनीच्या पेजवर पोस्ट कशी लिहायची. समोर बहुतेक एचआरवाले दिसतायत, दोन-तीन मार्केटिंगचे मागे बसलेत, त्यांनी पुढे या, कारण शिव्या तुम्हालाच पडणार आहेत.

आधी आपल्या चौकातला फ्लेक्स आठवा. वर भावपूर्ण श्रद्धांजली, मधे गेलेल्या माणसाचा फोटो, आणि खाली शोकाकुल म्हणून वीस-पंचवीस जण, अर्धे गॉगल लावून, एकजण मोबाइल कानाला लावून. बघणाऱ्याला कळत नाही की गेलंय कोण. आपण त्याला हसतो. पण कंपनीची पोस्ट बघा ना, वर लोगो, खाली लोगो, मधे मेणबत्तीचं चित्र, आणि मजकूर काय तर ‘आमच्या परिवाराचा अविभाज्य घटक, कष्टाळू, मनमिळाऊ’. नाव बदला आणि पुढच्या वर्षी परत वापरा. माझं म्हणणं एवढंच आहे की हा फ्लेक्सच आहे, फक्त गॉगल नाहीत.

आता मी कुठल्या कंपनीचं सांगतोय ते विचारू नका, भोसरीकडची आहे इतकंच. मी त्यांच्या पेजचं काम बाहेरून करायचो. तिथे डिस्पॅचला एक काका होते. काका म्हणजे वय पन्नाशीचं, पण सगळी कंपनी काकाच म्हणायची, मालकसुद्धा. पावसाळ्यात पुठ्ठ्याचे बॉक्स भिजतात म्हणून गाडी सुटायच्या आधी हा माणूस स्वतः टपावर चढून ताडपत्रीची गाठ ओढून बघायचा, ड्रायव्हरने बांधलेली असली तरी. ड्रायव्हर चिडायचे. मग त्यालाच चहा पाजायचा.

तर काका रात्री घरी गेले. म्हणजे वारले. घरच्यांनी पहाटे सुपरवायझरला फोन केला, त्याने वॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, तिथून मार्केटिंगला कळलं, आणि नऊच्या आत पेजवर पोस्ट! मला फोन नाही, एचआरला विचारलं नाही, घरच्यांना तर नाहीच. काकांची आई गावाकडे, कराडच्या बाजूला. तिला अजून सांगितलं नव्हतं, भाऊ गाडीत होता, पोचून समोर बसून सांगायचं असं ठरलं होतं. शेजारच्या पोराने फेसबुकवर पोस्ट बघितली आणि आजी, काय झालं हो तुमच्या दादाला, असं विचारत दारात. झालं.

आणि फोटो कुठला, तर वार्षिक संमेलनातला, फेटा बांधून शिट्टी मारतानाचा, बाजूच्या माणसाचा खांदा तसाच राहिलेला. हुद्दा जुना, बढती मिळाल्याचं पोस्ट टाकणाऱ्याला माहीतच नाही. दुपारी तीनला त्याच पेजवर आधीच शेड्यूल करून ठेवलेली पोस्ट आली, वीकेंडला काय प्लॅन, फुगे वगैरे. खाली कॉमेंटमधे लोक विचारतायत, कसं झालं, काय होतं, वय काय, आणि कोणीतरी अतिउत्साहाने घराचा पत्ता टाकला, म्हणजे सगळे वैकुंठ स्मशानभूमीत असताना घर रिकामं आहे हे जगाला जाहीर! मी संध्याकाळी बोललो त्यांना, तर उत्तर काय, सर पण रीच चांगला आलाय. (हशा) हसू नका हो, खरंच असं म्हणाले.

बरं, किती वाजले? वीस मिनिटं उरली. म्हणजे ज्याच्यासाठी तुम्ही आलात ते आता धावत सांगावं लागणार.

पहिलं, क्रम. पोस्ट शेवटी. आधी कंपनीतला एकच माणूस ठरवा जो घरच्यांशी बोलेल, शक्यतो ज्याला ते ओळखतात तो. त्याने घरातल्या एका माणसाला तीन गोष्टी विचारायच्या: सगळ्या नातेवाइकांना कळलंय का, पेजवर टाकलेलं चालेल का, आणि फोटो कुठला वापरू. घरचे नको म्हणाले तर विषय संपला, पोस्ट नाही. मग जवळच्या टीमला फोनवर किंवा समोर बोलवून, मग बाकी ऑफिसला मेल, आणि मग पेज. हे होईपर्यंत पुढच्या शेड्यूल पोस्ट थांबवा, वाढदिवसाचे आपोआप जाणारे मेलही बघा, नाहीतर दोन महिन्यांनी गेलेल्या माणसाला हॅपी बर्थडे.

दुसरं, कारण लिहू नका. पेपरातल्या निधनवार्तेत ‘अल्पशा आजाराने’ चालतं कारण तो मजकूर घरचे देतात, तुम्ही नाही. आत्महत्या असेल तर अजिबात नाही, आडून सुचवायचंही नाही. आणि अपघात कंपनीच्या आवारात झाला असेल तर पोलीस येतात, कारखाना असेल तर फॅक्टरी इन्स्पेक्टरला कळवावं लागतं, तेव्हा त्या पोस्टचा प्रत्येक शब्द उद्या कोणीतरी वाचणार आहे, वकिलाला दाखवल्याशिवाय टाकू नका.

तिसरं, मजकूर. काकांसाठी मी नंतर नुसतं लिहून बघितलं होतं, वाचतो:

“आमच्या डिस्पॅच विभागाचे सुपरवायझर श्री. अमुक तमुक यांचं गुरुवारी रात्री निधन झालं. ते इथे चौदा वर्षं होते. पावसाळ्यात गाडी सुटण्याआधी ताडपत्रीची प्रत्येक गाठ ते स्वतः ओढून बघत आणि मग ड्रायव्हरला चहा देत. अनेक नवीन मुलं गाडी भरायला त्यांच्याकडेच शिकली. त्यांच्या पत्नी, मुलगा आणि आईच्या दुःखात आम्ही सगळे सहभागी आहोत.”

बास. पाच वाक्यं. तिसरं वाक्य मला सुचलेलं नाही, लोडिंगवाल्या पोराला विचारलं काका म्हटलं की काय आठवतं, त्याने सांगितलं. तेवढं वाक्य मिळवायला फार तर अर्धा तास लागतो आणि ते मिळालं नाही तर बाकीचं लिहू नका, साधी बातमी द्या. लोगो खाली बारीक, हॅशटॅग नाही, आणि ‘कंपनी कुटुंबाच्या पाठीशी सदैव उभी आहे’ हे तर नकोच, कारण उद्या लोक कॉमेंटमधे विचारतात, उभी म्हणजे काय देणार?

देणं-घेणं घरी जाऊन सांगायचं, कागदासकट. मृत्यू झाला तर ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट नसते, पीएफ असेल तर त्याला जोडलेला ईडीएलआयचा विमा असतो, पेन्शनचाही अर्ज असतो, हे घरच्या कोणाला माहीत नसतं आणि तेराव्यापर्यंत विचारायचं धाडसही नसतं. ते सांगायचं काम एचआरचं, पेजचं नाही.

कॉमेंट. एक माणूस पहिले दोन दिवस बसवा. पत्ता, नंबर, कारण विचारणारे, मदतीच्या नावाखाली क्यूआर कोड टाकणारे, हे सगळं लपवायचं. लिंक्डइनवर कोणी टाळ्यांचं बटण दाबलं तर दाबू द्या, चुकून होतं, त्याला मेसेज करत बसू नका. लिंक्डइनचं त्यांचं प्रोफाइल घरच्यांच्या संमतीने मेमोरियल करता येतं, नाहीतर कामाची पंधरा वर्षं पूर्ण झाली, अभिनंदन करा, असं लोकांना जात राहतं.

प्रश्न नंतर, बाहेर चहाच्या टेबलाशी, हॉलवाले दार लावायला उभे आहेत.