मांडे उमलणारे कोण?

नमस्कार मंडळी.

आज आखजीवरची, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय्य तृतीयेवरची, माझी एक जुनी कविता वाचायची, असं मी कार्यकारिणीला कबूल केलं होतं. ती वाचते, पण पूर्वीसारखी सुखाने वाचता येईल असं वाटत नाही. दोन आठवड्यांपूर्वी घरी जे झालं ते मनातून जात नाही, म्हणून आधी ते सांगते.

कविता अशी सुरू होते :

आखजीच्या पहाटे अंगण सारवलेलं असायचं,
घागर भरलेली असायची,
निंबाला झोका टांगलेला असायचा,
खापरावर मांडे उमलायचे.

आमच्या खानदेशातल्या लोकांच्या माना आत्ताच हलल्या, मी पाहिल्या. माझी तेरा वर्षांची मुलगी शेजारी बसून मराठी शाळेचा गृहपाठ करत होती. बाईंनी कर्ता ओळखायला शिकवलं होतं. आपणही तसंच शिकलो, क्रियापदाच्या धातूला 'णारा' लावायचा आणि 'कोण?' विचारायचं. तिने माझीच कविता घेतली. उमलणारे कोण? मांडे. भरलेली असणारी कोण? घागर. टांगलेला असणारा कोण? झोका. सगळी उत्तरं व्याकरणाने बरोबर. मग मान वर करून तिने विचारलं, "आई, हे सगळं आपोआप व्हायचं?"

मला राग आला. "तुला काय कळणार, तू कुठे पाहिलंयस ते," असं मी बोलून गेले. ती वही मिटून वर निघून गेली. रात्री मी ती कविता पुन्हा काढली आणि तिच्याच रीतीने ओळ-ओळ तपासली.

अंगण काकू सारवायची. पहाटे चारला गोठ्यातून शेण आणून, उन्हं चढायच्या आत. वैशाखात आमच्या विहिरीने तळ गाठलेला असायचा. पितरांसाठी पुजायच्या त्या कोऱ्या घागरीचं पाणी काकू आणि आई दुसऱ्या आळीतून आणायच्या. झोका बांधायचा आमचा सालदार. निंबावर चढून, बैलगाडीचा नाडा दोन पदरी करून, आधी स्वतः लोंबकळून बघायचा आणि मग मला बसवायचा. खानदेशात सालदाराचं साल आखजीला संपतं आणि आखजीलाच नवं ठरतं, हे इथे अनेकांना माहीत आहे. म्हणजे मी झोक्यावर असताना हा माणूस ओट्यावर आजोबांसमोर बसून पुढच्या वर्षाचे पैसे आणि धान्य ठरवत होता. ती बोलणी मला ऐकू येत होती. कवितेत त्यांतलं अक्षर नाही. त्याला आम्ही मामा म्हणायचो, आणि त्याचं नाव मला आज सांगता येत नाही.

आणि मांडे. चूल बाहेर, पऱ्हाट्यांचा जाळ, त्यावर पालथं घातलेलं खापर. सैल कणकेत पुरण भरायचं, गोळा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत वाढवायचा. तो मनगटावरून कोपरापर्यंत पसरतो, आणि फाटायच्या आत एका झोक्यात खापरावर टाकायचा. हात जरा जास्त खाली गेला की खापराची कड लागते. आजीच्या डाव्या हातावर कोपराखाली चार-पाच काळपट चट्टे होते, एकाखाली एक. लहानपणी तिच्या कुशीत झोपताना मी त्यांवरून बोट फिरवायचे. ते मला इतके स्पष्ट आठवतात, आणि तरी कविता लिहिताना 'मांडे उमलायचे' हेच शब्द आले.

का आले, याचा मी बराच विचार केला. मी काही लपवत नव्हते. मूल असताना सण खरंच तसाच दिसतो. आपण उठतो तेव्हा अंगण सारवून झालेलं असतं. मोठेपणी कविता लिहिताना मात्र मी मुलाची नजर घेतली आणि मोठ्या माणसाचं जे ठाऊक होतं ते बाहेर ठेवलं. सुख तेवढं राहिलं, त्यामागचे हात गेले.

'असायचं' हा शब्द आणखी एक काम करतो. भावाला फोन करून विचारलं, निंबावरचा झोका किती वर्षं होता? तो म्हणाला, तीन आखज्या. चौथ्या वर्षी ती फांदी मोडली, नंतर घरातल्या कडीला बांधायचो. तीन वर्षांचं माझ्या कवितेत कायमचं झालं. 'त्या वर्षी झोका बांधला' असं लिहिलं असतं तर कोणतं वर्ष, त्या वर्षी पीक कसं होतं, घरात कोण आजारी होतं, हे सगळं मागोमाग आलं असतं. 'असायचा' म्हटलं की वर्ष सांगावं लागत नाही, आणि वर्ष नसलं की दुःखही येत नाही.

इथे बहिणाबाई आठवतात. त्यांचं माहेर असोदे, सासर जळगाव, दोन्ही गावं जवळजवळ. त्यांच्या 'आखजी'तही निंबावर झोका आहे, आणि तो कोणी बांधला ते त्याही सांगत नाहीत. पण पुढे बघा :

गेला झोका गेला झोका
चालला माहेराले जी
आला झोका आला झोका
पलट सासराले जी

गेला आणि आला. एकाच कडव्यात झोका सासरी परत येतो. चार दिवसांचा विसावा आहे, पुढे शेतीची मशागत आहे, हेही त्याच गाण्यात येतं. सणाला किती दिवस आहेत हे त्या बाईला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तिचा आनंद मला अधिक खरा वाटतो. माझा झोका नुसता माहेराकडे जातो. टोरांटोत बसून लिहिलेला तो झोका गेली वीस वर्षं तिकडेच आहे.

आता थोडं आपल्या सगळ्यांविषयी, रागावू नका. आपल्या दिवाळी अंकाच्या कविता तीन वर्षं मी वाचते आहे. रांगोळ्या सजायच्या, फराळ व्हायचा, उटण्याचा वास दरवळायचा. फराळ 'व्हायचा' असं लिहिणाऱ्याची आई त्या आठवड्यात कधी झोपायची, हे एकाही कवितेत मला सापडलं नाही. आणि याच कविता समोर धरून आपण मुलांना सांगतो, तुमचा सण काय सण, सण आमचे होते.

मी आईला फोनवर कविता वाचून दाखवली. तिला आवडली. मग ती म्हणाली, "मांडे छान व्हायचे गं. पण आखजीला मी जेवायला चार वाजता बसायचे." एवढंच.

त्यानंतर मी कविता पुन्हा लिहून पाहिली. काकू सारवायची, मामा बांधायचे, आजी भाजायची. सगळे कर्ते जागेवर आले आणि कविता गायची थांबली. मुलीला वाचून दाखवली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आधीची ऐकायला छान होती." तिचंही बरोबर आहे. चट्टेही यावेत आणि झोकाही हलावा, अशी ओळ मला अजून साधलेली नाही. अंकासाठी कोणती देऊ, हे मी अजून ठरवलेलं नाही.

परवा तिने मराठी शाळेसाठी आपल्या दिवाळीवर पाच ओळी लिहिल्या. करोनाच्या आधी आपण ज्या शाळेचा हॉल घ्यायचो, त्याच्यावर. तेव्हा ती जेमतेम शाळेत जायला लागली होती. पहिली ओळ अशी आहे : 'हॉलमध्ये दिवे लागलेले असायचे.'

त्या हॉलवर सकाळी सातला किल्ली घेऊन कोण जायचं, ते इथे बसलेल्या चौघांना माहीत आहे. मी तिला अजून काही विचारलेलं नाही.