शिफॉन केक उलटा का टांगतात

श्रोतेहो, नमस्कार. १९२७ साली लॉस एंजेलिसमध्ये हॅरी बेकर नावाच्या एका विमा एजंटाने लोण्याऐवजी तेल घालून एक केक तयार केला आणि त्याची कृती वीस वर्षे कोणालाच सांगितली नाही. १९४७ मध्ये ती जनरल मिल्स या कंपनीने विकत घेतली, तेव्हा शिफॉन केक घरोघरी पोहोचला.

लोणी थंड झाल्यावर घट्ट होते आणि केकला थोडा आधार देते. तेल मात्र पातळच राहते. त्यामुळे केक फ्रिजमधून काढल्यावरही मऊ लागतो, पण त्याचे अंग नाजूक होते. मग त्याला उंची द्यायची कशाने? अंड्याच्या पांढऱ्या भागाने. तो फेटताना त्यातील प्रथिने उलगडतात आणि हवेच्या बारीक बुडबुड्यांभोवती पातळ पडदा धरतात. भट्टीत ही हवा फुगते, पाण्याची वाफ तिला साथ देते, आणि पडदे ताणलेले असतानाच प्रथिने व मैद्यातील स्टार्च घट्ट होऊ लागतात. बेकिंग पावडर असते, पण तिचे काम दुय्यम आहे.

म्हणूनच पिवळा बलक, तेल, पाणी व मैदा यांचे मिश्रण वेगळे ठेवतात, कारण स्निग्धांशाचा थेंबही फेस नीट चढू देत नाही. पाऊण कप पाणी, अर्धा कप तेल आणि पाच पिवळे बलक असतील, तर पांढरा भाग साधारण एक कप आणि क्रीम ऑफ टार्टर अर्धा चमचा लागते. या आम्लामुळे फेस टिकाऊ होतो. फेटणी उचलल्यावर फेसाचे टोक ताठ उभे राहावे, पण चकाकी जाऊ नये. फेस कोरडा होऊन त्याच्या गुठळ्या झाल्या, तर तो मिश्रणात एकजीव होत नाही आणि मिसळण्याच्या धडपडीत हवा निघून जाते. तळाशी रबरासारखा चिवट थर दिसला, तर बहुधा मिसळण्यातच कसर राहिलेली असते.

भट्टीतून काढलेल्या केकचा सांगाडा गरम असेपर्यंत पुरेसा घट्ट झालेला नसतो. सरळ ठेवला, तर वरचे वजन खालच्या बुडबुड्यांवर पडते आणि केक बसतो. उलटा टांगला, की तेच वजन बुडबुड्यांना दाबण्याऐवजी ताणून धरते, आणि केक पूर्ण गार होईपर्यंत, म्हणजे दीड-दोन तास, त्यांचा आकार त्याच स्थितीत पक्का होतो. त्यासाठी मधोमध नळी असलेला ॲल्युमिनियमचा साचा घेतात आणि ती नळी बाटलीच्या गळ्यावर अडकवतात. साच्याला तूप किंवा तेल अजिबात लावायचे नाही. चढताना केकला कडा धरून वर जायचे असते आणि उलटल्यावर त्याच कडांना लटकून राहायचे असते. नॉनस्टिक साचा येथे निरुपयोगी, असे माझे स्पष्ट मत आहे. उलटताच केक खाली पडला, तर साचा गुळगुळीत होता किंवा केक आतून कच्चा होता, असे समजावे. गार झालेला केक पातळ सुरीने कडेने आणि नळीभोवती सोडवून घ्यावा.