तिप्पट नेमकं काय झालं?

तुम्हाला असाइनमेंटसाठी दिलेला पेपर रॉक्सी आणि सहलेखकांचा आहे, २०१७ सालचा, 'नेचर कम्युनिकेशन्स'मधला. विषय मध्य भारतातल्या अतिवृष्टीचा. हा पेपर दिला की निम्म्या सारांशांत एक वाक्य हमखास येतं: 'हवामानबदलामुळे भारतातला पाऊस तिप्पट झाला.' वाक्य छोटं आहे, पण त्यात तीन चुका आहेत. आज त्या तीन चुकांबद्दलच बोलू. त्या सुटल्या की सारांश जवळजवळ लिहून झालाच म्हणा.

पहिली चूक: तिप्पट काय झालं? पाऊस नव्हे. उलट मध्य भारतातला मोसमी पाऊस एकूण घटलाय, मोसमी वाऱ्यांचं अभिसरणही मंदावलंय, असं गोषवाऱ्यातच लिहिलंय. वाढल्यात त्या घटना, म्हणजे एका दिवसात १५० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त कोसळणारा आणि एकाच वेळी मोठा प्रदेश व्यापणारा पाऊस. अशा घटनांची संख्या १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढली. एकूण पाऊस कमी आणि अतिवृष्टी जास्त, हा विरोधाभासच या पेपरचा गाभा आहे. तो गाळला, तर पेपर वाचला नाही हे तपासणाऱ्याला पहिल्या ओळीतच कळतं.

दुसरी चूक: कुठे? पेपरातल्या मध्य भारताची चौकट साधारण ७५ ते ८५ अंश पूर्व रेखांशांची आहे. आपलं ठाणं ७३ अंशांच्या आसपास, म्हणजे चौकटीबाहेर. वंदना टॉकीजपाशी गुडघाभर पाणी साचतं, विटाव्याच्या पुलाखाली गाड्या अडकतात, म्हणून 'ठाण्यातही हेच दिसते' असं लिहायचा मोह होतो. लिहा, पण स्वतःचं निरीक्षण म्हणून, वेगळ्या परिच्छेदात आणि त्यापुढे रॉक्सींचा संदर्भ न जोडता. शिवाय तिथं पाणी का साचतं, याला नाले आणि भरती-ओहोटीही कारण असू शकतात. त्याबद्दल हा पेपर काहीच म्हणत नाही.

तिसरी चूक 'मुळे' या दोन अक्षरांत आहे. लेखक कारणांची साखळी मांडतात. अरबी समुद्रावरून येणाऱ्या, जमिनीलगतच्या पश्चिमी वाऱ्यांची चंचलता वाढली. त्यामुळे बाष्पाचे लोंढे अधूनमधून जोरात आत येतात आणि मध्य भारतभर कोसळतात. समुद्राच्या तापमानाशी त्यांचा संबंध असल्याने दोन-तीन आठवडे आधी अंदाज देण्याची शक्यता आहे, असंही ते म्हणतात. शक्यता. 'अंदाज देता येतो' असं लिहिलंत तर तो दावा तुमचा झाला, त्यांचा राहिला नाही. मोजलेल्या गोष्टीला 'आढळले', कारणाला 'लेखकांच्या मते' आणि पुढच्या गोष्टीला 'शक्यता' म्हणा. मी सारांश तपासताना आधी क्रियापदंच बघतो.

आता संदर्भ. तुमच्या विभागाने एपीएची सातवी आवृत्ती सांगितली आहे, पण 'नेचर कम्युनिकेशन्स' स्वतः संदर्भांसाठी वाक्याच्या डोक्यावर बारीक आकडे छापतं. पेपरातून वाक्य उचलून नंतर शब्द बदलत बसलं की ते आकडे चोरपावलांनी तुमच्या मजकुरात येतात. तिथला ३ हा त्यांच्या यादीतला तिसरा, तुमच्या यादीत तिसरं कुणी नसेलही! म्हणून पेपर मिटवून आठवणीतून लिहा आणि मग आकडेवारीपुरता उघडा.

या पेपरला आठ लेखक आहेत. एपीए ७ मध्ये तीन किंवा अधिक लेखक असले, की पहिल्याच उल्लेखापासून लघुरूप चालतं. वाक्यात नाव घ्यायचं तर `Roxy et al. (2017)`, वाक्याच्या शेवटी कंसात द्यायचं तर `(Roxy et al., 2017)`. दोन्ही रूपं एकाच सारांशात चालतात, कारण शैली एकच आहे. चालत नाही ते हे की मध्येच `[1]` आणि पुढच्या पानावर `Roxy and others`. शेवटच्या यादीत मात्र आठही नावं लिहायची. या नियतकालिकात पान क्रमांकाच्या जागी लेख क्रमांक असतो, इथे ७०८, म्हणून खंडानंतर `Article 708` लिहायचं. गुगल स्कॉलरवरून उचललेली नोंद इथेच दगा देते. तिच्यात ७०८ हा आकडा पान असल्यासारखा येऊ शकतो आणि नियतकालिकाच्या नावातला दुसरा शब्द लहान अक्षराने सुरू होतो. नोंद घ्या, पण पेपरच्या पहिल्या पानाशी ताडून बघा.

शेवटचा मुद्दा गोस्वामी आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या 'सायन्स'मधल्या पेपरचा. १९५१ ते २००० मध्ये मध्य भारतात जोरदार पावसाच्या घटना वाढल्या आणि मध्यम पावसाच्या घटल्या, हे त्यांनी आधीच दाखवलं होतं. अतिवृष्टीवर वाचताना हे नाव भेटतं, ते चांगलं वाटतं आणि लोक सरळ `(Goswami et al., 2006)` लिहून मोकळे होतात. तो पेपर तुम्ही उघडला होता का? उघडला नसेल आणि त्याबद्दल फक्त रॉक्सींच्या मजकुरात वाचलं असेल, तर `(Goswami et al., 2006, as cited in Roxy et al., 2017)` असं लिहायचं आणि यादीत नोंद एकट्या रॉक्सींची ठेवायची. मूळ पेपर मिळवून वाचलात, तर दोन्ही नोंदी द्या.