अण्णांचं कर्ज आणि दोघा भावांची वही

मंडळी, आकडेमोड गोष्टीतून सांगितली की डोक्यात बसते, म्हणून दोन भावांची ही गोष्ट.

अण्णा निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या गृहकर्जाचे 10 लाख शिल्लक होते. व्याज 9 टक्के, मुदत 10 वर्षं, हप्ता 12,668 रुपये. तो दोघं मुलगे मिळून भरत. गावाकडचा जमिनीचा तुकडा विकून 3 लाख हाती आले. एक लाख आईच्या दवाखान्यासाठी बाजूला ठेवायचा, यावर वाद नव्हता. भांडण उरलेल्या दोन लाखांवर.

थोरला म्हणाला, "कर्जात भरून टाकू." धाकटा म्हणाला, "दादा, सात टक्क्यांनी एफडी करू. दहा वर्षांत दोनाचे चार होतात. आणि कर्जात घातलेला पैसा उद्या परत मागता येतो का?"

थोरल्याने वही काढली. दोन लाख भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर कर्ज 120 ऐवजी 86 महिन्यांत फिटतं. व्याज वाचतं साधारण 2 लाख 32 हजार.

"बघ!" धाकटा म्हणाला. "एफडीचं व्याज दोन लाख. तीसेक हजारांसाठी हात रिकामे करायचे?"

बहुतेकांचा हिशेब इथेच थांबतो. थोरल्याने विचारलं, "अरे, 86 महिन्यांनंतर हप्ता बंद. पुढचे 34 महिने ते 12,668 कुठे जाणार?" तेच पैसे दरमहा सात टक्क्यांच्या आरडीत टाकले, तर दहाव्या वर्षाअखेर सुमारे पावणेपाच लाख जमतात. एफडीवाल्याकडे त्याच दिवशी चार लाख. फरक पाऊण लाखाचा, तोही कर धरण्याआधी. एफडीच्या व्याजावर कर लागतो, वाचलेल्या व्याजावर नाही. अण्णा नव्या करप्रणालीत असल्याने राहत्या घराच्या कर्जव्याजाची वजावटही त्यांना नव्हती.

अर्थात सुटलेला हप्ता खरोखर साठवला, तरच हे खरं. खर्चात गेला तर धाकट्याची एफडी बरी. आणि चार टक्क्यांचं पीककर्ज असतं, तर मी धाकट्याच्या बाजूने उभा राहिलो असतो.

धाकट्याने वही स्वतःकडे ओढून सगळं पुन्हा मांडलं, मग म्हणाला, "ठीक आहे, पण आरडीची पावती मी ठेवणार."

बँकेत बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व भरण्याचा दंड नाही, तेव्हा तो प्रश्न सुटला. पण काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "हप्ता कमी करू की मुदत?" हप्ता कमी केला असता, तर तो 10,134 झाला असता, कर्ज मात्र पूर्ण दहा वर्षं चाललं असतं आणि महिन्याचे अडीच हजार किराणात विरघळले असते. भावांनी अर्जावर "मुदत कमी करावी" असं लिहून दिलं, अण्णांची सही घेतली आणि नवं परतफेडीचं वेळापत्रक छापून मागितलं. शेवटच्या हप्त्याचा महिना त्यात आधी पाहिला धाकट्यानेच.