नदीकाठचे कुंपण आणि अर्ध्या तारेचा हिशेब

आजच्या व्याख्यानासाठी मी एकच गणित निवडले आहे, आणि ते आपल्यापैकी बहुतेकांनी बारावीच्या वर्गात एकदा तरी सोडवलेले आहे. शेतकऱ्याजवळ ठरावीक लांबीचे कुंपण आहे, शेताची एक बाजू नदीला लागून असल्यामुळे तिथे कुंपण लागत नाही, उरलेल्या तीन बाजूंना ते घालायचे आहे आणि आयताकृती जागा जास्तीत जास्त मोठी हवी आहे. वर्गात हे उदाहरण पाच ओळींत संपते. मला त्या पाच ओळींच्या आधी काय घडते आणि नंतर काय उरते, याविषयी बोलायचे आहे.

आपण कृष्णेच्या काठावरची एखादी मळी डोळ्यांसमोर आणू. शेतकऱ्याने 720 मीटर काटेरी तार आणली आहे आणि कुंपण तीन पदरी घालायचे आहे, म्हणून प्रत्यक्षात कुंपणाची लांबी 240 मीटर होते. (पदरांनी भागायचे विसरून थेट तारेच्या लांबीवर गणित मांडले, तर उत्तर सुंदर येते आणि कुंपण मात्र एक-तृतीयांशावरच संपते.) नदीचा काठ सध्या सरळ आणि हवा तितका लांब आहे असे समजू. नदीपासून आत जाणाऱ्या दोन बाजूंची लांबी प्रत्येकी x मीटर आणि नदीला समांतर बाजूची लांबी y मीटर धरली, तर 2x + y = 240 होते आणि क्षेत्रफळ xy होते.

बहुतेकांच्या मनात प्रथम चौरस येतो, कारण ठरावीक परिमितीच्या आयतांमध्ये चौरस सर्वांत मोठा असतो हे आपण शाळेतच शिकलेलो असतो. तीन बाजू सारख्या घेतल्या तर प्रत्येक बाजू 80 मीटर येते आणि क्षेत्रफळ 6400 चौरस मीटर भरते. आता आत जाणाऱ्या बाजू 80 ऐवजी 70 मीटर ठेवून पाहू. समांतर बाजू 100 मीटर होते आणि क्षेत्रफळ 7000 होते. बाजू 60 मीटर केल्या तर समांतर बाजू 120 मीटर आणि क्षेत्रफळ 7200 भरते. 50 मीटर केल्या तर ते पुन्हा 7000 वर येते आणि 40 मीटर केल्या तर पुन्हा 6400 वर. म्हणजे चौरस शेत आणि 40 बाय 160 चे लांबुळके शेत ही दोन्ही सारखीच मोठी आहेत, आणि दोन्ही सर्वोत्तम शेतापेक्षा 800 चौरस मीटरने, म्हणजे जवळजवळ आठ गुंठ्यांनी लहान आहेत. आठ गुंठे कोणीही असे सहज सोडत नाही.

चौरस का हरला? त्याचे एक कारण पाहण्यासारखे आहे. नदीचे पाणी आरसा आहे अशी कल्पना करा आणि शेताचे प्रतिबिंब पलीकडच्या बाजूला पडू द्या. शेत आणि प्रतिबिंब मिळून एक मोठा आयत तयार होतो, ज्याची पूर्ण परिमिती 480 मीटर आहे आणि ज्याला नदीच्या बाजूची सवलत कुठेच नाही. या आयताला चौरसाचा जुना नियम सरळ लागू पडतो, म्हणून तो 120 बाय 120 चा असला पाहिजे. त्यातला अलीकडचा निम्मा भाग म्हणजे आपले शेत, आणि ते 60 बाय 120 चे आहे. चौरसाचा नियम खोटा नव्हता. आपण तो अर्ध्या आकृतीला लावत होतो.

दुसरे कारण हिशेबाचे आहे, आणि पुढे तेच अधिक उपयोगी पडणार आहे. समांतर बाजू एक मीटरने वाढवली, तर तेवढे कुंपण आत जाणाऱ्या दोन बाजूंतून काढावे लागते, म्हणजे प्रत्येक बाजू अर्ध्या मीटरने आखूड होते. एक मीटर लांबी वाढल्याने शेताला x मीटर उंचीची एक पट्टी मिळते, आणि खोली अर्धा मीटर घटल्याने y मीटर लांबीची अर्ध्या मीटरची पट्टी जाते. जोवर x हा y च्या निम्म्यापेक्षा मोठा आहे, तोवर हा व्यवहार फायद्याचा आहे, आणि x हा y च्या निम्म्याइतका झाला की फायदा थांबतो. तेव्हा 2x आणि y समान होतात, म्हणजे अर्धे कुंपण नदीला समांतर जाते आणि उरलेले अर्धे दोन उभ्या बाजूंत वाटले जाते.

हा अर्ध्याचा नियम आकड्यांपेक्षा टिकाऊ आहे. शेताच्या मधोमध नदीकडे जाणारी आणखी एक आडवण घालून दोन कप्पे करायचे असतील, तर 3x + y = 240 होते; तरीही समांतर बाजूला 120 मीटरच मिळतात आणि उरलेले 120 मीटर तीन उभ्या कुंपणांत प्रत्येकी 40 याप्रमाणे वाटले जातात. लांबीऐवजी पैसा ठरावीक असेल तरी तेच घडते. समजा, समांतर बाजू रस्त्याला लागून असल्यामुळे तिथे जाळी घालावी लागते आणि तिचा मीटरमागचा खर्च तारेच्या दुप्पट आहे. तर अर्धा पैसा जाळीला आणि अर्धा दोन्ही उभ्या बाजूंना मिळून द्यायचा. तेवढ्या पैशांत लांबी निम्मीच मिळते, म्हणून शेत 60 बाय 60 चे होते, आणि वर हरलेला चौरस इथे गंमतीने जिंकतो.

वर्गातल्या पद्धतीविषयी थोडेसे. क्षेत्रफळ x(240 − 2x) असे एकाच चलात लिहिले आणि दहावीच्या पूर्ण वर्ग पद्धतीने मांडले, तर ते 7200 − 2(x − 60)² असे होते, आणि उत्तर डोळ्यांसमोरच उभे राहते. डेरिव्हेटिव्ह काढूनही 240 − 4x = 0 यातून x = 60 च मिळते. फर्माने 1630 च्या दशकात कमाल-किमान काढण्याची आपली रीत मांडली, तेव्हा पहिले उदाहरण म्हणून रेषाखंडाचे असे दोन भाग करण्याचा प्रश्न घेतला होता, की त्या भागांचा गुणाकार सर्वांत मोठा व्हावा. आपले गणित त्याचेच शेतावर उतरलेले रूप आहे. मला मात्र पूर्ण वर्गाची मांडणी अधिक आवडते, कारण चुकल्यास किती नुकसान होईल तेही ती सांगते. उभ्या बाजू 60 ऐवजी 65 मीटरच्या झाल्या, तर नुकसान 2 × 25, म्हणजे 50 चौरस मीटर, साधारण अर्धा गुंठा. एखादा खांब मीटरभर सरकल्याने दोन चौरस मीटर जातात. खडक टाळण्यासाठी किंवा जुन्या झाडाला आत घेण्यासाठी शेतकरी खुशाल दोन-तीन मीटर इकडेतिकडे जाऊ शकतो.

विद्यार्थी जिथे हमखास अडखळतात, ती जागा त्यानंतरची आहे. शेतकऱ्याकडे नदीकाठ 120 मीटर नसेल तर काय करायचे? समजा, काठ फक्त 100 मीटरचा आहे आणि त्याच्या पुढे, त्याच रेषेत, उघडी जमीन आहे. समांतर बाजू 100 मीटरपर्यंत वाढवताना जुनाच हिशेब चालतो आणि 70 बाय 100 चे 7000 चौरस मीटरचे शेत मिळते. त्याही पुढे एक मीटर वाढवायचे, तर आता मागच्या बाजूलाही मीटरभर कुंपण घालावे लागते, कारण तिथे नदी नाही. म्हणजे दोन मीटर खर्ची पडतात आणि उभ्या बाजू अर्ध्याऐवजी पूर्ण एका मीटरने घटतात. 70 चौरस मीटर मिळतात आणि सुमारे 100 जातात. या बिंदूपर्यंत आल्यावर शेवटच्या मीटरमागे सुमारे 20 चौरस मीटरचा फायदा होत होता, आणि त्यापुढे पहिल्याच मीटरमागे सुमारे 30 चा तोटा होतो. क्षेत्रफळाचा आलेख इथे सपाट होत नाही, त्याला टोक येते. डेरिव्हेटिव्ह शून्य कुठे होतो एवढेच शोधणाऱ्याला हे उत्तर कधीच सापडणार नाही. त्याला 60 बाय 120 सापडेल, आणि त्यासाठी लागणारा काठ शेतात नाही हे जागेवर गेल्यावर कळेल.

काठ आणखी आखूड, 60 मीटरचा घेऊ. कुंपण काठापुरतेच ठेवले तर शेत 90 बाय 60 चे, म्हणजे 5400 चौरस मीटरचे होते. इथे मात्र पुढे सरकणे फायद्याचे आहे: एक मीटर वाढवल्यास 90 मिळतात आणि 60 जातात. काठापलीकडे गेल्यावर एकूण कुंपण 2x + y + (y − 60) = 240 असे बसते, म्हणजे x + y = 150, आणि बेरीज ठरावीक असल्यामुळे दोन्ही बाजू 75 च्या होतात. शेत 5625 चौरस मीटरचे मिळते. पडताळून पाहा: दोन उभ्या बाजूंना 150 मीटर, समांतर बाजूला 75 आणि नदी संपल्यानंतरच्या मागच्या भागाला 15, एकूण 240.

या तिन्ही प्रकारांच्या सीमा आता सहज सांगता येतात. काठ 120 मीटर किंवा अधिक असेल, तर शेत 60 बाय 120 चे. काठ 80 ते 120 मीटरच्या दरम्यान असेल, तर तो सगळा वापरायचा आणि एक मीटरही पुढे जायचे नाही. काठ 80 पेक्षा कमी असेल, तर शेत चौरस असते आणि त्याची बाजू 240 मध्ये काठाची लांबी मिळवून चाराने भागल्यावर मिळते. बरोबर 80 मीटरच्या काठाला 80 बाय 80 चे शेत योग्य ठरते, म्हणजे सुरुवातीला ज्याने चौरस सांगितला होता, तो या एका शेतकऱ्याच्या बाबतीत बरोबर होता.

खांबांचा हिशेब करतानाही नदी आडवी येते. 3 मीटर अंतराने खांब रोवले तर 240 मीटरमध्ये 80 गाळे पडतात. चारही बाजूंनी बंद असलेल्या कुंपणाला 80 खांब पुरले असते, पण आपले कुंपण नदीवर दोन टोकांना उघडे आहे, म्हणून 81 खांब लागतात. 60 आणि 120 या दोन्ही संख्यांना 3 ने भाग जात असल्यामुळे कोपऱ्यांवरही खांब आपोआप येतो.

राहिला प्रश्न नदी ही खरोखरच फुकटची भिंत आहे का, हा. पावसाळ्यात ती नक्कीच असते, उलट तेव्हा काठाजवळचे शेवटचे खांब वाहून जाण्याची भीती असते. वैशाखात पाणी आटून पात्रात वाट पडली, की जनावरे त्याच बाजूने आत शिरतात, आणि गणिताच्या भाषेत उपलब्ध काठ 120 वरून शून्यावर येतो. तिसऱ्या प्रकारच्या सूत्रात काठाची लांबी शून्य घालून पाहिली, तर शेताची बाजू 60 मीटर येते आणि क्षेत्रफळ 3600, म्हणजे आपल्या 7200 च्या नेमके निम्मे.