थेंब किती जागेत पसरतो?

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

तुमच्यात आत्ता कागदाच्या दोन पट्ट्या फिरताहेत. दोन्हींवर एकच कंपाउंड आहे, म्हणजे लिंबू, गुलाब आणि कस्तुरीसारखा तळ असलेला एकच सुगंध. पहिल्या पट्टीसाठी तो अल्कोहोलमध्ये मिसळला आहे आणि दुसरीसाठी तेलात. हुंगा आणि शेजाऱ्याला द्या. पट्ट्या हरवू मात्र नका, शेवटी लागणार आहेत.

आजचा विषय आहे अत्तर, परफ्युम ऑइल आणि स्प्रे यांची तुलना. टिकाऊपणा, त्वचा आणि उन्हाळा असे तीन भाग मी कबूल केले आहेत. सुरुवात त्वचेपासून करतो, कारण तिथे माझं एक जुनं दुखणं आहे.

सुगंधाच्या प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं काम केलं. त्या काळात एका दुकानातून मी गुलाबाचं परफ्युम ऑइल घेतलं. दुकानदार म्हणाला, “यात अल्कोहोल नाही, सगळं नैसर्गिक आहे, लहान मुलालाही चालेल.” ते मला फार आवडलं. रोज सकाळी डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला रोलरने दोनदा फिरवायचो, नेमकं त्याच जागी. पाचव्या आठवड्यात तिथे खाज सुटली. मग रुपयाएवढा लाल चट्टा उठला, कडा आखून घेतल्यासारख्या. त्यावर बारीक पुरळ आलं आणि नंतर कातडी सुटू लागली. मी आठ दिवस तेल बंद ठेवलं, चट्टा बसला. पुन्हा लावलं, तर दुसऱ्याच दिवशी तो परत हजर.

त्वचारोगतज्ज्ञांनी पाठीवर पट्ट्या चिकटवून चाचणी केली. पट्ट्या दोन दिवस ठेवतात, मग काढून त्वचा बघतात आणि पुढे दोन दिवसांनी परत बघतात, कारण ही ॲलर्जी सावकाश उमटते. माझी सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणाला ॲलर्जी निघाली. पुढे वेगवेगळी द्रव्यं तपासली तेव्हा दोषी ठरलं जिरॅनिऑल. आता बघा, जिरॅनिऑल खऱ्या गुलाबाच्या तेलातच असतं. गुलाबाला गुलाबपण देणाऱ्या मुख्य द्रव्यांपैकी ते एक आहे. म्हणजे तेल शंभर टक्के नैसर्गिक असतं तरी माझं मनगट सुटलं नसतं. आणि अल्कोहोलचा तर या सगळ्याशी संबंधच नव्हता.

म्हणून एवढा फरक ध्यानात ठेवा. स्प्रे मारल्याबरोबर चरचरलं आणि काही मिनिटांत थांबलं, तर ती अल्कोहोलची जळजळ. नुकतीच दाढी केलेली असेल किंवा त्वचा कोरडी, भेगाळलेली असेल तर हमखास होते. त्रास खरा आहे, पण बहुधा तेवढ्यापुरता. एक-दोन दिवसांनी खाज आणि चट्टा आला, तर तो सुगंधातल्या एखाद्या द्रव्याचा प्रताप. तो अत्तर, ऑइल, स्प्रे कशातूनही येऊ शकतो आणि एकदा जडला की सहसा जन्मभर सोबत करतो.

मग मला तेलानेच का पकडलं? इथे थोडा हिशेब करू. स्प्रेचा एक फवारा साधारण 0.1 मिलिलिटरचा. चार फवारे म्हणजे 0.4 मिलिलिटर. त्यात सुगंध 15 टक्के धरला, तर अंगावर आला 0.06 मिलिलिटर. आता न पातळ केलेल्या अत्तराचा ड्रॉपरने पडलेला एक थेंब घ्या. तो साधारण 0.05 मिलिलिटर भरतो. माल जवळपास तेवढाच! पण चार फवारे छातीभर, शर्टभर पसरतात आणि थेंब रुपयाएवढ्या जागेत बसतो. त्वचेची ॲलर्जी घडवताना एकूण माल किती याहून चौरस सेंटिमीटरमागे किती, हे महत्त्वाचं असतं. एकाच जागी, रोज, महिनाभर लावून मी मनगटावर नेमकं तेच केलं होतं.

नवीन बाटली घेतलीत की कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं, दिवसातून दोनदा, सात दिवस लावा आणि ती जागा बघत राहा. काही झालं नाही तरीही रोज जागा बदला. आणि जुन्या लिंबूवर्गीय बाटलीला टर्पेंटाइनसारखा उग्र वास यायला लागला, तर ती त्वचेवर नको. लिंबाच्या तेलातलं लिमोनीन हवेने ऑक्सिडाइझ होतं आणि मूळ लिमोनीनपेक्षा ते कितीतरी जास्त त्रासदायक असतं.

चिठ्ठी आली आहे, सात मिनिटं उरली आहेत. टिकाऊपणा आणि उन्हाळा दोन्ही राहिले, तेव्हा थोडं पळतो.

टिकाऊपणा मुळात त्या त्या रेणूचा असतो. लिंबाचे रेणू हलके, लवकर उडतात. चंदन आणि कस्तुरीसारखे जड, ते तासन्‌तास बसतात. माध्यम फक्त वेग बदलतं. अल्कोहोल मिनिटभरात उडून जातं आणि सुरुवातीला सुगंध हवेत उधळतं, म्हणून स्प्रे खोलीभर जाणवतो. तेल हलक्या रेणूंना धरून ठेवतं, म्हणून ऑइल हळू उलगडतं आणि अंगाजवळ राहतं. अत्तराची गोष्ट आणखी वेगळी. कनौजच्या पद्धतीत तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी उकळतात. वाफ बांबूच्या नळीतून भपका नावाच्या भांड्यात उतरते आणि तिथे आधीच चंदनाचं तेल असतं. माध्यम स्वतःच सुगंधी आणि संथ, म्हणून अस्सल अत्तर टिकतं. चंदन महागल्यामुळे आता बऱ्याच अत्तरांत लिक्विड पॅराफिनसारखी बिनवासाची तेलं असतात. त्यांच्याकडून चंदनाचा तळ मिळत नाही.

आता उन्हाळा. गरम त्वचेवरून सगळंच जोरात उडतं. स्प्रेचा लिंबूभाग बघता बघता संपतो. उलट ऊद किंवा हिनासारखं जड अत्तर उन्हात एवढं फुलतं की शेजारच्याला गुदमरतं आणि लावणाऱ्याला कळत नाही, कारण त्याचं नाक केव्हाच सरावलेलं असतं. म्हणून उन्हाळ्यात वाळा. जड अत्तरं थंडीसाठी ठेवा. तेही एकच थेंब, दोन जागी वाटून. काखेत, मानेच्या वळीत नको, तिथे घाम आणि घर्षण दोन्ही असतं आणि ओल्या, घासलेल्या त्वचेतून द्रव्य जास्त आत शिरतं. ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांच्यासाठी उन्हाळ्यात स्प्रेच बरा, पण तो कपड्यावर. कापडावर वास टिकतो आणि त्वचाही बऱ्यापैकी वाचते. अत्तर मात्र कापडावर लावू नका, तेलाचा डाग पडतो. लावायचंच तर कापसाचा फाया करा. बर्गामोट या लिंबूवर्गीय फळाचं तेल असलेलं काहीही लावून उन्हात जाऊ नका. त्यातल्या बर्गॅप्टेनमुळे त्वचा उन्हात भाजते आणि काळे डाग राहतात. उत्पादक हल्ली तो घटक काढून टाकतात किंवा मर्यादेत ठेवतात, पण सुट्या विकल्या जाणाऱ्या तेलाची खात्री कोण देणार?

आता त्या पट्ट्या पुन्हा हुंगा. पहिलीवरचं लिंबू गेलं आहे, दुसरीवर अजून थोडं रेंगाळतंय. त्या घरी न्या आणि रात्री जेवणानंतर परत बघा. तेव्हा दोन्हींवर उरलेला कस्तुरीचा तळ जवळजवळ सारखाच असेल, आणि कुठली तेलाची, कुठली अल्कोहोलची हे नुसत्या वासावरून सांगणं तुम्हाला जड जाईल.