संत्रा कोशात कुठं लपला? अनुस्वार आणि जोडाक्षरांचा पत्ता

(टेबलावर जाडजूड शब्दकोश, शेजारी दोन संत्री.)

नमस्कार मंडळी. मी वरूड तालुक्यातल्या एका गावातलं वाचनालय सांभाळतो. वाचनालय म्हणजे दोन कपाटं, एक पंखा अन् हा एक शब्दकोश. याचं पुठ्ठं निघालं होतं, म्हणून सुतळीनं बांधून ठेवलाय.

मागच्या आठवड्यात नववीतली एक पोरगी आली. दहा मिनिटं पानं उलटून राहिली होती. शेवटी म्हणते, "काका, या कोशात संत्राच नाही." मी म्हटलं, बाई, तू राहते कुठं? चारी बाजूंनी संत्र्याच्या बागा, अन् कोशात संत्रा नाही?

तिनं शोधलं कसं ते विचारलं. तिनं बाराखडी म्हटली. स सा सि सी सु सू से सै सो सौ सं सः. म्हणजे सं कुठं? सौ झाल्यावर, शेवटी. म्हणून ती 'सौ'च्या पुढच्या पानांवर गेली. तिथं तिला स्थळ, स्मरण, स्वयंपाक असे शब्द दिसले. संत्रा काही दिसला नाही.

घोळ इथंच होते. शाळेत आपण अनुस्वार सगळ्यात शेवटी शिकतो, पण आताच्या बहुतेक मराठी कोशांत तो सगळ्यात आधी येतो. आधी नुसता 'स'. मग डोक्यावर टिंब असलेला सं. मग विसर्गाचा सः. त्यानंतर कुठं स-पुढे-क, म्हणजे सकाळ वगैरे सुरू होतं. हाच क्रम प्रत्येक मात्रेला पुन्हा लागतो. 'सा' सुरू झाला की आधी सांगणे, सांज, आपला सांबार, सांभाळ. ते संपले की मग साखर.

(कॅमेरा पानावर.)

आता संत्रा हातानं काढून दाखवतो. कोश मधोमध उघडला की न-प च्या आसपास आलो. स शेवटाकडे असते, म्हणून उरलेल्या भागात बरंच पुढं जायचं. इथं मजकूर वाचायचा नाही, पानाच्या डोक्यावर छापलेले दोन शब्द तेवढे पाहायचे. पानावरचा पहिला शब्द अन् शेवटचा. आपला शब्द त्या दोघांच्या मधात बसते का, एवढाच प्रश्न.

हा आला स. अगदी सुरुवातीलाच सं. आता सं-च्या पुढं काय आहे ते बघायचं. संकट, संगत, संच असं करत आलो संत-वर. इथून हळू. संत, संतत, संतती, संतप्त, संताप, संतुष्ट, संतोष. आता त-च्या सगळ्या मात्रा संपल्या. मात्रा संपल्या की मगच जोडाक्षर सुरू होते. हे बघा, संतोष-नंतर संत्रस्त, अन् त्याच्या खाली आपला संत्रा. त्याच्यापुढं लगेच संथ.

मुख्य शब्द 'संत्रे' असा असेल तरी जागा हीच, दोन ओळी इकडंतिकडं. पण एखाद्या कोशात 'संतरा' असं तोडून लिहिलं असेल, तर त्यात त्र नाही, सुटा र आहे. मग तो संतप्त अन् संताप यांच्या मधात जाईल. न सापडल्यास दोन्ही जागा बघायच्या.

म्हणजे जोडाक्षराचं साधं आहे. क्य, क्र, त्र, स्व, श्र यांना स्वतःचं वेगळं घर नाही. पहिल्या अक्षराची बाराखडी औ-पर्यंत संपली की त्याच अक्षराच्या मागल्या अंगणात ते राहतात. श्रम हा शौर्य-नंतर. त्रास हा तौ-च्या नंतर अन् थ-च्या आधी.

इथं एक फसवा भाऊ आहे, कृ. दिसते जोडाक्षरासारखा, पण तो ऋ स्वर आहे, म्हणून तो कू अन् के यांच्या मधात. तालुक्याच्या गावी खताच्या दुकानावर 'कृषी केंद्र' अशी पाटी असते ना? कोशात हे दोन शब्द जवळपास शेजारीच निघतात. कृ संपला की के, अन् के-मध्ये आधी अनुस्वारवाला केंद्र. क्रम मात्र कौ-च्या पलीकडे, बराच लांब.

आता रफार. याच्यात मोठी माणसंही फसतात. 'कर्ज' लिहिताना रफार ज-च्या डोक्यावर येते, म्हणून डोळा क-नंतर ज शोधते. पण बोलून बघा, क, र्, ज. र आधी. म्हणून 'कर' काढायचं, त्याच्या मात्रा संपवायच्या, करार झाला, करोड झाला, मग कर्ज. आधी जीभ काय म्हणते ते ऐका, मग पान उलटा.

(कोश बंद करून.)

पण मी सांगितलेलं प्रत्येक कोशात लागेलच असं नाही. काही कोश, विशेषतः संस्कृत वळणाचे, अनुस्वाराला त्याच्या खऱ्या उच्चारावर बसवतात. संताप म्हणजे सन्ताप, म्हणून तो जातो न-मध्ये, सनातन अन् सन्मान यांच्या मधात. पण संसार, संशय, संयम यांच्या पुढं स, श, य आहेत. या अक्षरांना असा वर्गातला न किंवा म नाही, म्हणून ते आपले स-च्या सुरुवातीलाच राहतात.

त्यामुळे नवा कोश हातात आला की मी पहिलं काम हे करतो, संताप अन् संसार दोन्ही काढतो. दोघं एकाच सं-च्या सलग रांगेत सापडले तर अनुस्वार-आधीचा कोश. मधात सकाळ, सखा, सडा घुसले असतील तर दुसऱ्या वळणाचा. अर्धं मिनिट लागते.

दुसरं, शेवटचं पान उघडतो. तिथं क्ष अन् ज्ञ असतील तर त्या कोशानं त्यांना ह अन् ळ-च्या नंतर वेगळं अक्षर मानलंय. नसतील, तर सातबाऱ्यावरचं 'क्षेत्र' क-च्या अगदी शेवटी, ख-च्या उंबरठ्यावर शोधायचं, अन् 'ज्ञान' ज-मध्ये, ज्वारीच्या जरासं आधी.

ळ मात्र लक्षात ठेवा. तो ल-जवळ नाही, ह-च्या नंतर आहे. काळजी शोधायची तर काल-च्या आसपास घुटमळू नका, काहूर-च्याही पुढं जा. कॉम्प्युटरमधल्या साध्या सॉर्टमध्ये ळ बरेचदा ल अन् व यांच्या मधात जाऊन बसते, कारण युनिकोडमध्ये त्याचा नंबरच तिथं आहे. पुस्तकांची यादी मी तशी छापली होती, अन् 'काळ' वालं पुस्तक 'कावळा' च्या वर आलं.

तर त्या पोरीला मी म्हटलं, आता 'पऱ्हाटी' काढ, मी बोलणार नाही. तिनं तोंडातल्या तोंडात म्हटलं, प, र्, हा. पर काढलं. परवा, परात, परीक्षा ओलांडलं. पर्वत-वर आली. मग जरा जोरात पान उलटलं अन् थेट पलंग-वर थांबली. माझ्याकडं बघितलं, मी पंख्याकडं. मग स्वतःच म्हणते, "व झाला, पण ह नाही झाला," अन् एक पान मागं गेली.